ओल्या पावलाचा ठसा आणि बुटाची रुंदी



या पानावर आम्ही एरवी परीक्षा, वाचन किंवा शिस्त यांबद्दल लिहितो. या वेळी बुटांबद्दल लिहीत आहोत, तेही पळण्याच्या बुटांबद्दल. कारण आमच्या हातून एक चूक झाली. ती सगळ्या शाळेसमोर झाली, तेव्हा दुरुस्तीही सगळ्यांसमोर व्हावी हे बरे. (आमचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातले. मालव्यात माणूस एकटा असला तरी स्वतःला 'हम' म्हणतो. ती सवय आमच्या मराठीतही आली आहे, त्यात मोठेपणाचा आव नाही.)

झाले असे. क्रीडादिनाच्या आठवड्यात आम्ही व्यायामशिक्षकांबरोबर व्हरांड्यात मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. पाय पाण्यात बुडवायचा आणि कोरड्या फरशीवर टेकवायचा. टाच आणि चवडा यांना जोडणारा पट्टा अर्धा उमटला तर कमान सामान्य, अगदी बारीक उमटला किंवा उमटलाच नाही तर कमान उंच, आणि पूर्ण पाऊल भरून उमटले तर पाय सपाट. एवढे आम्हाला ठाऊक होते आणि त्याच बळावर आम्ही निदान करीत सुटलो. बारावीतल्या एका मुलाचा ठसा विटेसारखा भरीव उमटला. आम्ही सगळ्यांदेखत म्हणालो, "अरे, तुझे तर पाय सपाट आहेत!"

तो मुलगा अग्निवीर भरतीची तयारी करतो. पहाटे कोठी रोडवर आमचे फिरणे आणि त्याचे पळणे यांची वेळ एकच. भरतीत १.६ किलोमीटरची धाव असते आणि पुढे वैद्यकीय तपासणी. सपाट पायांची मुले तिथे परत पाठवतात असे त्याने ऐकलेले होते. आमचे बोलणे ऐकून तो घरी गेला आणि तीन दिवस पळायलाच आला नाही. चौथ्या दिवशी आला तो नवे बूट घालून. दुकानदाराने त्याला यंत्रावर उभे केले, पडद्यावर लाल-पिवळे पाऊल दाखवले आणि "आपका तो फ्लैट फुट है" म्हणत आतल्या बाजूने कडक आधार असलेले बूट दिले. साडेसहा हजार रुपये. वडिलांचे हार-फुलांचे छोटे दुकान आहे, एवढे सांगितले म्हणजे साडेसहा हजार म्हणजे किती ते वाचकांना कळेल.

पंधरा दिवसांनी तो कार्यालयात आला. दोन्ही पायांच्या कमानीखाली फोड होते, करंगळीचे नख काळे पडले होते आणि चालताना टाच बुटातून उचलली जात होती. म्हणाला, "सर, बूट तर नौ नंबरचे घेतले, तरी आवळतात आणि ढिलेही पडतात." एकच बूट आवळतो आणि ढिलाही पडतो, हे ऐकून आम्ही आधी हसलो. मग लक्षात आले की सगळा उलगडा त्याच वाक्यात आहे.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाचे वाचन केले, हाडांच्या एका डॉक्टर मित्राला त्रास दिला आणि त्या मुलाचे पाय नीट मोजले.

आधी कमानीचे. मुलाला अनवाणी उभे केले आणि चवड्यांवर उभा राहा म्हटले. टाचा उचलताच आतल्या बाजूची कमान स्पष्ट दिसू लागली. म्हणजे पाय लवचिक आहे. वजन पडले की कमान बसते, चवड्यावर आले की उभी राहते. अशा पायाला दुखणे नसेल तर तो आजार नव्हे. सैन्याच्या वैद्यकीय निकषांतही हेच लिहिले आहे: चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान परत दिसत असेल, उमेदवार चवड्यांवर नीट पळू आणि उड्या मारू शकत असेल आणि पाय लवचिक व न दुखणारे असतील, तर तो पात्र ठरतो. चवड्यांवर उभे राहूनही कमान येत नाही, पाय ताठ असतो किंवा दुखतो, किंवा एकच पाय सपाट होत चालला आहे, तर मात्र बुटांच्या दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावे. हे वाक्य आम्ही व्हरांड्यात बोललो असतो तर त्या घरातले साडेसहा हजार वाचले असते. ओला ठसा पायाचा आकार सांगतो, पाय काम कसे करतो ते सांगत नाही.

पण कमान पाहून बूट निवडावा हे तर सगळीकडे सांगतात, ते खोटे आहे काय? पूर्ण खोटे नाही, पण जितके ठासून सांगतात तितके खरे नाही. अमेरिकेच्या सैन्यदलांनी याची मोठी परीक्षा घेतली. नव्या भरतीच्या जवानांचे दोन गट केले. एका गटाला ठशाप्रमाणे बूट दिले: सपाट पायाला कडक आधाराचे, उंच कमानीला मऊ, सामान्याला मधले. दुसऱ्या गटाला ठसा न बघता सरसकट एकाच प्रकारचे बूट दिले. २००९ आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. ठसे घेण्याचा खटाटोप कामी आला नाही.

पळताना पाय आत कलण्याचेही तसेच. बहुतेकांची टाच बाहेरच्या कडेने टेकते आणि मग पाऊल थोडे आत वळते. हे वळणे म्हणजे दोष नाही, आघात पचवण्याची ती शरीराची युक्ती आहे. म्हणूनच जुन्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली दिसते, आणि दुकानात ती दाखवून कोणी "चाल बिघडली आहे" म्हणाले तर घाबरू नये. डेन्मार्कमध्ये ९२७ नवशिक्या धावपटूंना त्यांचे पाय कसेही असोत, आधार नसलेले साधे बूट दिले आणि वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पाय आत कलणाऱ्यांना जास्त दुखापती झाल्याचे आढळले नाही. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१६ साली लक्झेंबर्गच्या संशोधकांना, आधीपासून नियमित पळणाऱ्यांमध्ये, पाय फार कलत असेल तर आधाराच्या बुटांचा काही फायदा दिसला. म्हणजे आधाराचा बूट निरुपयोगी नाही. ज्याला तो मानवतो त्याने खुशाल घालावा. पण केवळ ठसा भरीव आला म्हणून, काही दुखत नसताना, तो कोणाच्या गळ्यात मारू नये. कमानीखाली आलेले फोड हीच त्याची खूण: ज्या ठिकाणी पाय खाली बसू पाहतो, तिथेच कडक फोम त्याला वर ढकलत होता.

आता त्याचे ते "आवळतात आणि ढिलेही पडतात". हा कमानीचा प्रश्नच नव्हता, रुंदीचा होता.

पाय मोजणे सोपे आहे, घरीही करता येते. संध्याकाळी मोजावे, कारण दिवसभरात पाय थोडे फुगतात. भिंतीला लागून कागद ठेवायचा, टाच भिंतीला टेकवून पूर्ण वजन देऊन उभे राहायचे आणि दुसऱ्याने पेन्सिल सरळ उभी धरून खुणा करायच्या. सर्वात लांब बोटाच्या टोकापर्यंत लांबी. कित्येकांचे दुसरे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, तिथे फसू नये. मग अंगठ्याच्या मुळाचा सांधा आणि करंगळीच्या मुळाचा सांधा यांमधले अंतर, ती रुंदी. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठा धरावा. बसून मोजले तर पाय पसरत नाही आणि माप कमी येते.

आमच्या मुलाचे माप आले लांबी २५८ मिलिमीटर, रुंदी १०७ मिलिमीटर. पळण्याच्या बुटांच्या जिभेवर आतून एक लेबल असते, त्यावर इंग्लंडचा, अमेरिकेचा, युरोपचा असे नंबर आणि बहुधा शेवटी सेंटिमीटर छापलेले असतात. इंग्लंडचा नंबर कंपनीगणिक अर्ध्याने इकडे-तिकडे होतो, सेंटिमीटरचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. त्याच्या लांबीला २६.५ पुरे होते. पळताना पाय पुढे सरकतो, म्हणून बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी, ती त्यात मिळत होती. त्याच्या बुटावर मात्र २८ लिहिलेले होते. दुकानात साडेसात नंबर घातला तेव्हा करंगळी दाबली गेली, म्हणून आठ घातला, मग साडेआठ, शेवटी नऊमध्ये करंगळी कशीबशी मावली. रुंदी मिळवण्यासाठी त्याने लांबी विकत घेतली.

याने काय बिघडते ते बघा. बूट चवड्याच्या रेषेत वाकतो, तिथेच पायही वाकायला हवा. लांब बुटात ती रेषा बोटांकडे सरकते, म्हणजे पाय एकीकडे वाकतो आणि बूट दुसरीकडे. टाचेचा खळगाही मोठा होतो, म्हणून टाच उचलली जाते. आणि एवढे करून करंगळीला जागा अपुरीच, कारण लांबी वाढली की रुंदी वाढते ती थोडीच. म्हणून एकच बूट आवळतोही आणि ढिलाही पडतो.

बूट घेतानाची साधी पारख अशी: बुटाच्या आतली गादी बाहेर काढावी, जमिनीवर ठेवून तिच्यावर उभे राहावे. पायाची कड गादीबाहेर सांडत असेल तर बूट अरुंद. मुलाच्या बुटाची गादी आम्ही काढली. बोटांपुढे जवळजवळ दोन सेंटिमीटर मोकळे आणि करंगळीची बाजू बाहेर. त्याचे वडील सोबत होते, ते काहीच बोलले नाहीत, नुसते गादीकडे बघत राहिले.

हा त्या मुलाच्या पायाचा दोष नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून अधिक लोकांचे पाय यंत्राने मोजले. त्यात दिसले की भारतीयांचे पाय युरोप-अमेरिकेच्या लोकांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असतात आणि आपल्याकडचे पुष्कळ लोक रुंदीसाठी लांब बूट घालतात. म्हणूनच भारतासाठी 'भा' नावाची वेगळी मापपद्धती सुचवली गेली. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट दिसली, ती पालकांनी लक्षात ठेवावी: सरासरी मुलीचा पाय अकराव्या वर्षापर्यंत पूर्ण वाढतो, मुलाचा पंधरा-सोळाव्या वर्षापर्यंत. तेव्हा चौथीतल्या मुलाला थोडा वाढता बूट घेणे समजू शकते, पण नववीतल्या मुलीला "पुढच्या वर्षी येईल" म्हणून मोठा बूट देऊ नये. पुढच्या वर्षीही तो तितकाच मोठा राहील.

आमच्या आजी वैशाखात पंचक्रोशीची यात्रा करीत, ११८ किलोमीटर, अनवाणी. पटनी बाजारातल्या नागचंद्रेश्वराकडून बळ घ्यायचे आणि निघायचे. त्यांचे पाऊल पंख्यासारखे पसरलेले होते, पाचही बोटे सुटी. आम्हाला ते लहानपणी विचित्र वाटे. आता कळते की ज्याला कधी बुटाने दाबले नाही ते पाऊल तसेच दिसते. कर्नाटकातल्या डॉक्टरांनी २३०० मुलांचे ठसे घेतले होते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बूट-चपला घालणाऱ्या मुलांमध्ये ८.६ टक्क्यांचे पाय सपाट निघाले आणि अनवाणी मुलांमध्ये २.८ टक्क्यांचे. बंद बूट घालणाऱ्यांत प्रमाण सर्वात जास्त होते. यावरून मुलांना काचा-खिळ्यांत अनवाणी सोडा असे आम्ही म्हणत नाही, पण लहान वर्गांनी मैदानावरच्या मातीत बूट काढून खेळले तर यापुढे आम्ही रागावणार नाही.

रुंद बूट मिळतात कुठे? काही कंपन्या एकच बूट, एकाच लांबीत, वेगवेगळ्या रुंदीत बनवतात. रुंदी अक्षरांनी दाखवतात: पुरुषांत डी म्हणजे सामान्य, टू-ई म्हणजे रुंद, फोर-ई म्हणजे फार रुंद. स्त्रियांत बी सामान्य आणि डी रुंद. न्यू बॅलन्स या बाबतीत सर्वात जुनी आणि उदार, ब्रूक्सही तशीच. असिक्स ही जपानी कंपनी, तिचे निंबस, कयानो यांसारखे नेहमीचे बूट टू-ई आणि फोर-ई मध्ये निघतात. सॉकनी आणि होका यांचे काही निवडक बूट रुंद मिळतात. अल्ट्राची गोष्ट वेगळी आहे. तिचा बूट बोटांच्या ठिकाणी पायाच्या आकाराचा, ऐसपैस असतो, पण टाच आणि चवडा एका पातळीवर असतात. नेहमीच्या बुटात टाच आठ ते बारा मिलिमीटर उंच असते. त्या सवयीचा माणूस एकदम सपाट बुटात पळाला तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर तक्रार करते. असा बूट घेतल्यास सुरुवातीला थोडेच पळावे.

अक्षरे सगळ्या कंपन्यांची तंतोतंत जुळत नाहीत, हे ध्यानात ठेवावे. जपानी मापात एका पायरीला पायाच्या घेरात ६ मिलिमीटरचा फरक धरतात, इतर कंपन्या आपापल्या साच्याने चालतात. म्हणून अक्षर पाहूनही गादीवर उभे राहण्याची पारख करायचीच. रुंद पायाच्या बहिणींना एक युक्ती: पुरुषांचा सामान्य म्हणजे स्त्रियांचा रुंद. अमेरिकन नंबरातून दीड वजा करून पुरुषांचा बूट घालून पाहावा. टाच थोडी ढिली वाटली तर शेवटच्या भोकातून नाडीचा फास करून आवळता येते.

आपल्या गावातल्या दुकानांत बहुधा सामान्य रुंदीच असते. फ्रीगंजमध्ये आम्ही टू-ई मागितला तेव्हा विक्रेत्याने आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही विमान मागितले. इंदूरला गेल्यास किंवा घरबसल्या मागवल्यास खोक्यावरची रुंदी विचारून घ्यावी आणि परत करण्याची सोय आहे ना ते आधी पाहावे. आल्यावर घरातल्या फरशीवरच घालून बघावे, रस्त्यावर नेलेला बूट कोणी परत घेत नाही.

राहिला मऊपणा. अंगठ्याने फोम दाबून बूट निवडणारे लोक पुष्कळ आहेत, आम्हीही त्यांतलेच होतो. अंगठ्याचा दाब आणि धावत्या देहाचा दाब यांची तुलनाच नाही. दुकानाबाहेर पन्नास पावले पळून पाहावे, तेही आपलेच मोजे घालून. लक्झेंबर्गच्याच संशोधकांनी आठशेहून अधिक धावपटूंना दिसायला सारखे पण एक मऊ आणि एक कडक असे बूट वाटले. २०२० साली निकाल आला, कडकवाल्यांना दुखापती जास्त. पण फार मऊ बुटात पाय डुगडुगतो, आणि आमच्या मुलासारखा जो मातीच्या मैदानावर वेळेशी झुंजतो, त्याला जड गादी ओझे वाटते. आमचे वजन ८४ किलो आणि रस्ता डांबराचा, आम्हाला जाड फोम बरा वाटतो. त्याचे वजन ५८ किलो. दोघांना एकच बूट कसा चालेल?

शेवटी त्याच्यासाठी आधार नसलेला साधा बूट आला, २६.५ सेंटिमीटर, टू-ई, मागच्या वर्षीचे मॉडेल म्हणून स्वस्तात. त्याचे पैसे आम्ही दिले, हे लिहायचे नव्हते, पण वडिलांनी आग्रह धरला की सर, चूक लिहिता तर हेही लिहा. गादीवर उभा केला, कड आत राहिली. तरी करंगळीपाशी थोडे दडपण होते. तिथल्या एका भोकातून नाडी न ओवता पुढे नेली, तेवढ्याने सुटले. जुने बूट दुकानदाराने परत घेतले नाहीत. ते कार्यालयात कपाटावर ठेवले आहेत, कोणाचा पाय २७ सेंटिमीटर आणि अरुंद असेल तर न्यावेत.

फोमचे आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर. तो आठवड्यातून सहा दिवस रोज पाच किलोमीटर पळतो, म्हणजे साडेचार-पाच महिन्यांत सहाशेच्या वर जाईल. वरून बूट नवा दिसला तरी फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या पडल्या आणि पळून आल्यावर नडग्या दुखू लागल्या की त्याची सुट्टी. त्याने जिभेच्या आत पेनाने तारीख लिहून ठेवली आहे.

व्हरांड्यात ज्यांचे ठसे आम्ही घेतले आणि ज्यांना काहीबाही सांगितले, त्या सगळ्या मुलांनी येत्या शनिवारी मधल्या सुट्टीत अनवाणी कार्यालयात यावे. कागद, पेन्सिल आणि फूटपट्टी तयार आहे. आधी चवड्यांवर उभे करू, मग रुंदी मोजू. पालक आले तर त्यांचेही पाय मोजू.